‘काम करताना बोटं गेली’ एवढं लिहून का भागत नाही?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ भोसरीजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करतो. तिथे मालक धरून आठ माणसं. ईएसआय नाही. 12 ऑगस्ट 2025 रोजी प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी वकिलांनी त्याच्याकडून निवेदन मागितलं. आम्ही तीन ओळी लिहून दिल्या, तर त्यांनी कागद परत केला. म्हणाले, ‘त्या वेळी तो नेमकं काय काम करत होता आणि नेमकं काय घडलं, ते लिहून आणा.’ बोटं गेली हे तर दिसतंच आहे. मग इतका तपशील कशाला? आणि हात त्यानेच आत घातला होता, हे खरं लिहिलं तर दावा बुडेल का?

— एक वाचक, पिंपरी

उत्तर : आधी तुमच्या मनातली भीती दूर करतो. ‘हात मी आत घातला’ या खऱ्या वाक्याने दावा बुडत नाही. दावा अडचणीत येतो तो मोघम लिहिण्याने. आणि एका कागदावर एक, दुसऱ्यावर भलतंच असं निघालं, तर त्याहून जास्त.

अपघात ऑगस्ट 2025 मधला आहे, त्यामुळे त्याला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये गेला आहे, पण गाभा बदललेला नाही. या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. सिद्ध करायच्या गोष्टी दोनच. इजा नोकरी चालू असताना झाली, आणि ती नोकरीमुळे झाली. पहिलीचा संबंध वेळ, जागा आणि हातातलं काम यांच्याशी आहे. दुसरीचा संबंध कारणाशी आहे: त्या कामात असलेल्या धोक्यानेच ही इजा झाली का? तुटलेली बोटं यातलं काहीच सांगत नाहीत. ती घरच्या कडबाकुट्टीतही तुटू शकतात. कारखान्यात, पण कामाच्या वेळेबाहेर स्वतःसाठी काही करताना तुटली असंही मालक म्हणू शकतो. म्हणून वकील विचारतात की त्या मिनिटाला तो काय करत होता, आणि ते काम त्याला कुणी सांगितलं होतं.

तुम्ही दिलेल्या तीन ओळी अशा आहेत : ‘दि. 12/8/2025 रोजी मी कंपनीत काम करीत असताना माझा हात मशीनमध्ये जाऊन माझी दोन बोटे तुटली. त्यामुळे मला काम करता येत नाही. तरी मला योग्य ती नुकसानभरपाई मिळावी, ही नम्र विनंती.’ यात खोटं काहीच नाही, पण उपयोगाचंही फार थोडं आहे. कोणतं मशीन? कोणत्या कामावर लावलं होतं? हात मशीनमध्ये ‘गेला’ की कामासाठी घालावाच लागत होता? आणि हात आत असताना मशीन चाललं कसं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तुमच्या कागदावर त्याला उत्तर नाही.

तो महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी प्रेस कसा चालतो ते पाहावं लागेल. लहान वर्कशॉपमधले जुने यांत्रिक प्रेस साधारण एकाच पद्धतीचे असतात. बाजूचं जड फ्लायव्हील मोटरवर सतत फिरत असतं. पेडल दाबलं की क्लचची चावी फ्लायव्हीलला शाफ्टशी जोडते, शाफ्टचा एक फेरा होतो, रॅम खाली येऊन वर जातो. मग चावीने सुटायचं असतं आणि रॅमने वरच थांबायचं असतं. एकदा फेरा सुरू झाला की या प्रकारच्या क्लचमध्ये तो मध्येच थांबवता येत नाही. चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर ती वेळेवर सुटत नाही आणि पेडल न दाबताच रॅम पुन्हा खाली येतो. कामगार याला ‘डबल स्ट्रोक’ किंवा ‘प्रेसने डबल मारला’ म्हणतात.

म्हणजे हात डायमध्ये असताना रॅम खाली येण्याच्या तीन शक्यता आहेत. प्रेसने डबल मारला, भावाचाच पाय पेडलवर पडला, किंवा दुसऱ्या कुणी पेडल दाबलं. भरपाई तिन्ही वेळी मागता येते. पण घडलं यातलं एक, आणि निवेदनात तेच आलं पाहिजे. पाय पेडलवरच राहिला होता, पण मशीनचा दोष दाखवला की दावा पक्का होईल असं वाटून ‘डबल स्ट्रोक’ लिहिलं, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न पायाचाच येतो. तिथे अडखळला की त्याच्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही शंका घेतली जाते. न लागणारी थाप मारून लागणारी विश्वासार्हता घालवू नये.

भावाला जवळ बसवा. आधी त्याला रोजचं काम सांगू द्या, मग त्या दिवसाचं, मग त्या मिनिटाचं. मध्ये बोलू नका. त्याने तुम्हाला जे सांगितलं असं तुमच्या पत्रातून कळतं, त्यावरून निवेदन साधारण असं होईल. आकडे आणि तपशील त्याच्याकडून तपासून घ्या :

‘माझं वय 30 वर्षे पूर्ण. मी या वर्कशॉपमध्ये तीन वर्षांपासून प्रेस ऑपरेटर म्हणून कामाला आहे. डाय बसवणं, तिचे बोल्ट आवळणं, पहिला जॉब व्हर्नियरने मोजून पाहणं आणि नंतर प्रेस चालवणं ही माझी कामं. मला महिन्याला 14,000 रुपये पगार रोख मिळतो. पगाराच्या वहीत सही घेतात. माझी शिफ्ट सकाळी 8 ते रात्री 8 असते.

‘12 ऑगस्ट 2025, मंगळवार. सकाळी सुपरवायझरनी मला 30 टनी प्रेसवर ब्रॅकेटच्या ऑर्डरला लावलं. या कामात डाव्या हाताने पत्र्याची पट्टी पुढे सरकवायची, उजव्या पायाने पेडल दाबायचं, रॅम वर जाऊन थांबला की उजव्या हाताने तयार तुकडा डायमधून काढायचा. तुकडा काढायला चिमटा दिलेला नव्हता. सगळेच ऑपरेटर हातानेच काढतात. मी कामाला लागलो तेव्हापासून या प्रेसला पुढचं गार्ड मी पाहिलेलं नाही.

‘संध्याकाळच्या चहानंतर, साडेपाचच्या सुमाराला, एक तुकडा डायमध्ये अडकला. रॅम वर थांबला होता. मी पेडलवरून पाय काढून जमिनीवर ठेवला आणि उजवा हात आत घालून तुकडा हलवू लागलो. पेडल न दाबता रॅम खाली आला. माझं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट पंचखाली आलं. शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्याने मोटर बंद केली. रॅम वर कसा घेतला ते मला आठवत नाही.

‘त्याआधीच्या साधारण आठवडाभरात या प्रेसने दोनदा डबल मारला होता. दोन्ही वेळा मी सुपरवायझरना सांगितलं. “ऑर्डर संपली की बघू,” असं ते म्हणाले. अपघातानंतर फिटरने क्लच उघडला, असं मला सहकाऱ्याने सांगितलं. मी स्वतः पाहिलेलं नाही.’

एवढंच पुरतं. यात ‘निष्काळजीपणा’, ‘हलगर्जी’, ‘अन्याय’ यांतला एकही शब्द नाही, हे मुद्दाम. ते निष्कर्ष आहेत आणि निष्कर्ष काढायला समोर आयुक्त बसलेले असतात. ‘क्लचची चावी झिजली होती’ हेही त्याने लिहू नये, कारण त्याने ती पाहिली नाही. रॅम पेडलशिवाय खाली आला, हे त्याने पाहिलं. तेवढं ठामपणे लिहावं. पाहिलेलं, ऐकलेलं आणि न आठवणारं अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेलं निवेदन उलटतपासणीत टिकतं. ‘आठवत नाही’ हे दोन शब्द लिहायला लोक उगाच घाबरतात. बोटं चेंगरलेल्या माणसाला पुढचा प्रत्येक क्षण लख्ख आठवत असेल, तर तेच मला शंकास्पद वाटेल.

अवघड भाषेचीही गरज नाही. कायद्याच्या कलम 10 मध्ये मालकाला द्यायच्या नोटिशीबद्दल लिहिलं आहे की इजेचं कारण साध्या भाषेत सांगावं. दाव्याच्या छापील अर्जातही कारणाच्या जागी हीच सूचना आहे. ‘सदर इसमाचे हस्त यंत्रात सापडून’ असं लिहिण्यापेक्षा ‘तुकडा काढायला हात घातला आणि रॅम खाली आला’ हे कायद्यालाच जास्त मान्य आहे.

आता गार्डचं. हात त्यानेच घातला याची तुम्हाला काळजी आहे, पण बचावाचे वकील ज्यावर बोट ठेवतील तो मुद्दा वेगळा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलेलं नसेल, तर मालकाला तीन बचाव घेता येतात. अपघात थेट दारूच्या किंवा औषधाच्या अंमलामुळे झाला. सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम किंवा केलेला नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला. किंवा सुरक्षेसाठी बसवलेलं गार्ड, ते कशासाठी आहे हे माहीत असताना, त्याने जाणूनबुजून काढलं वा दुर्लक्षिलं. साधी घाई, थकवा, अंदाज चुकणं यांतल्या एकाही बचावात बसत नाही. म्हणून गार्डबद्दल नेमकं लिहायचं. मशीनवर गार्ड नव्हतंच, की होतं पण उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनी काढायला लावलं, की त्याने आपणहून काढलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गार्ड नव्हतं’ एवढंच लिहिलं तर तिन्हींपैकी कोणतीही निघू शकते. आणि खरंच आपणहून काढलं असेल, तर ते वकिलांना आजच सांगा. त्यांना ते कोर्टात समोरच्याच्या तोंडून कळू नये.

निवेदनाइतकाच महत्त्वाचा असलेला एक कागद तुमच्याकडे बहुधा नाही. ज्या दवाखान्यात त्याला प्रथम नेलं, तिथला केसपेपर. त्यात इजा कशी झाली याची एक ओळ असते, आणि ती ओळ पेशंटला घेऊन आलेल्या माणसाने सांगितलेली असते. तो माणूस बहुतेक वेळा वर्कशॉपचा असतो. ‘घरी दारात बोटं सापडली’ किंवा ‘गाडीवरून पडला’ अशा नोंदी कामगारांच्या केसपेपरवर सापडतात. मालक पुढे तोच कागद दाखवतो. केसपेपरची प्रत आजच मागून घ्या. नोंद चुकीची असेल तर निवेदनात एक परिच्छेद वाढवा : मला कुणी नेलं, डॉक्टरांशी कोण बोललं, मी त्या वेळी बोलण्याच्या स्थितीत होतो का. दुरुस्ती जितकी लवकर येईल तितकी ती खरी वाटते. त्याचप्रमाणे दवाखान्यात असताना मालकाने ‘अपघात माझ्या चुकीने झाला, माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर त्याची सही किंवा अंगठा घेतला असेल, तर तेही लिहा. कायद्याने मिळणारा भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम 17 प्रमाणे शून्य ठरतो. पण कागद लपवला आणि मग समोर आला, तर त्रास होतो.

कामाचं वर्णन इतकं सविस्तर का, याचं दुसरं कारण भरपाईच्या हिशेबात आहे. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात इजांचा तक्ता आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के कमी झाली असं तो धरतो. पूर्ण अपंगत्वाची रक्कम काढताना पगाराचे 60 टक्के घेऊन वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. 30 वर्षे पूर्ण झालेल्यासाठी गुणक 207.98 आहे. भावाचा पगार 14,000, त्याचे 60 टक्के 8,400. गुणाकार 17,47,032 रुपये. त्याचे 20 टक्के म्हणजे सुमारे 3,49,400 रुपये. अपघाताच्या वेळी पगार 15,000 पर्यंतच धरला जात असे, तुमच्या भावाचा त्याच्या आत आहे. यातल्या तीनपैकी दोन आकडे निवेदनातून येतात : पगार आणि वय. मालक कोर्टात ‘पगार 9,000 होता’ म्हणू शकतो. म्हणून रोख मिळतो, वहीत सही घेतात, ही माहिती निवेदनात हवी, आणि पगार माहीत असलेल्या सहकाऱ्याचं नावही वकिलांना द्या. वय लिहिताना जन्मतारीख दाखल्याशी जुळवा. 31 पूर्ण असेल तर गुणक बदलतो.

तिसरा आकडा, 20 टक्के, हा तक्त्यातला आहे. तरीही कामाचं वर्णन तिथेही उपयोगी पडतं. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात निकाल दिला. चित्रपटगृहात सजावटीचं काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. तक्त्याप्रमाणे ही अंशतः अपंगत्वाची इजा होती. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने ती पूर्ण अपंगत्वाची मानली. कायद्यातली पूर्ण अपंगत्वाची व्याख्याच अशी आहे की अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता, ती सगळी करण्यास तो असमर्थ झाला पाहिजे. दोन बोटांनी तुमचा भाऊ शंभर टक्क्यांवर जाईल, असं मी म्हणणार नाही. जाण्याची शक्यता कमीच आहे. पण उजव्या हाताच्या चिमटीने तो डायचे बोल्ट आवळत होता, व्हर्नियर धरत होता, हे निवेदनात नसेल तर डॉक्टर आणि आयुक्त त्याला ‘प्रेसवर पेडल दाबणारा’ एवढाच समजतील. पेडल तर पायाने दाबतात. ‘हेल्पर’ असा एकच शब्द लिहून मोकळे होणाऱ्यांचं नुकसान इथे होतं.

भाऊ ठेकेदारामार्फत लागला असेल तर ठेकेदाराचं आणि वर्कशॉपच्या मालकाचं, दोघांचीही नावं पहिल्याच परिच्छेदात हवीत. कलम 12 प्रमाणे मूळ मालकाकडेही मागणी करता येते.

आणि एक विनंती. प्रेसचा फोटो मिळत असेल तर तो आजच घ्या. समोरून, पेडलसकट, गार्डची जागा दिसेल असा. अपघातानंतर गार्ड बसतं, क्लच दुरुस्त होतो, कधी कधी प्रेसच विकला जातो. सहकाऱ्यालाही त्याच्या शब्दांत चार ओळी लिहायला सांगा. तुमच्या भावाचं निवेदन त्याला वाचून दाखवू नका. दोघांची वाक्यं सारखी निघाली तर ती पढवलेली वाटतात.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे 12 ऑगस्ट 2027 च्या आत दाखल झाला पाहिजे. मालकाला अपघाताची लेखी नोटीस दिली नसेल तर ती मात्र लगेच द्या, आणि पोच घ्या. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत मिळाली नाही तर 12 टक्के दराने सरळव्याज लागतं. उशिराला सबळ कारण नसेल तर आयुक्त भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही लावू शकतात.

प्रश्न : माझ्या पगारातून ईएसआय कापला जातो. माझाही हात प्रेसमध्ये चेंगरला. मीही असंच निवेदन देऊन आयुक्तांकडे जाऊ का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून 1923 च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. तुमचा दावा ईएसआय महामंडळाकडे आहे. काम बंद असेपर्यंत पगाराच्या 90 टक्के दराने लाभ मिळतो आणि कायमच्या अपंगत्वाचं प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवतं. कामाला लागून पहिलाच दिवस असला तरी कामावरच्या अपघाताला हा लाभ मिळतो. मालकाने अपघाताचा अहवाल महामंडळाला पाठवायचा असतो, आणि त्यातही अपघात कसा झाला याची ओळ असते. ती ओळ मालकाच्या ऑफिसात लिहिली जाते. म्हणून वर सांगितलं तसं आपलं निवेदन लिहा, तारीख घाला, एक प्रत मालकाला आणि एक ईएसआयच्या शाखा कार्यालयात देऊन दोन्हींची पोच घ्या.